रंगकामाचा भाव: मापाचा, डागडुजीचा आणि उंचीचा

प्रश्न: दादरला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. हॉल १२ × १४, आतली खोली १० × १२, स्वयंपाकघर ८ × १०, उंची साडेबारा फूट. रंगाऱ्याने मापं न घेताच भाव दिला: कार्पेट ४०० च्या साडेतीन पट म्हणजे १४०० फूट, दर २४ रुपये (मटेरियलसह), उंचीचे २० टक्के जादा आणि भिंतींच्या डागडुजीचे उक्ते १८,०००. एकूण ५८,३२०. यात कुठे फसवणूक आहे का? उंची तर भिंतीच्या मापात येतेच ना, मग तिचे पैसे वेगळे का?

उत्तर:

लालबाग-परळ भागात मी गेली वीस वर्षं रंगकामाची कंत्राटं घेतो, त्यामुळे तुमच्या रंगाऱ्याच्या बाजूने विचार करायची मला सवय आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला तेवढा फरक धरता येईल. शंका तुम्ही उंचीवर घेतली आहे, पण मला खटकली ती डागडुजीची रक्कम. उंचीत तुमचा रंगारी उलट स्वतःचं नुकसान करून बसलाय.

साडेतीन पटीचा हिशेब येतो कुठून ते बघा. नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या नव्या इमारतीतली १० × १२ ची खोली घ्या. चारही भिंतींची लांबी ४४ फूट. तिला साडेनऊने गुणलं की ४१८, त्यात छताचे १२० मिळवले की ५३८. म्हणजे खोलीच्या जमिनीच्या जवळजवळ साडेचार पट. पण पूर्ण फ्लॅटमध्ये बाथरूम-संडासाला वरपर्यंत टाइल्स असतात, ओट्यामागे टाइल्स असतात, एखादी भिंत कपाटाने झाकलेली असते, दारं-खिडक्या असतात. हे सगळं वजा होत होत आकडा साडेतीनच्या आसपास येतो. वन बीएचके, टू बीएचकेमध्ये हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो, म्हणून फोनवर भाव सांगायला सगळे तोच वापरतात. मीही वापरतो. मात्र खोली मोठी झाली की तो बिघडतो. २० × २५ च्या हॉलला भिंती ८५५ आणि छत ५००, म्हणजे पावणेतीन पटही होत नाही. तिथे साडेतीनने गुणलं की घरमालक बुडतो. खोल्या लहान आणि छत उंच असेल तर रंगारी बुडतो. तुमचं घर या दुसऱ्या जातीचं आहे.

तुमचीच मापं घेऊन मांडतो. हॉलच्या भिंती ५२ फूट लांबीच्या, गुणिले साडेबारा, म्हणजे ६५०. आतली खोली ४४ गुणिले साडेबारा, ५५०. स्वयंपाकघर ३६ गुणिले साडेबारा, ४५०. भिंती झाल्या १,६५०. छत १६८, १२० आणि ८० मिळून ३६८. सगळं मिळून २,०१८ चौरस फूट. बाथरूम मी धरलं नाही. जुन्या घरांत तिथे बहुतेक टाइल्सच असतात, आणि वरची पट्टी रंगवायची असेल तर ती वेगळी मोजावी.

आता वजावट. ओटा दोन भिंतींना लागून एल आकाराचा आहे आणि टाइल्स साडेसहा फुटांपर्यंत आहेत असं धरतो. १८ गुणिले साडेसहा, ११७ फूट. टाइल्सची वजावट पूर्ण करायची, कारण तिथे रंगाऱ्याचं काहीच काम नाही. दारं-खिडक्यांचं तसं नाही. तुमच्याकडे चार दारं आणि चार खिडक्या धरल्या आणि दोन खोल्यांमधल्या दाराचं माप दोन्ही बाजूंनी घेतलं, तर माझ्या अंदाजाने सगळी मिळून १९८ फूट होतील. ही सगळी वजा करा असं घरमालक म्हणतात, काहीच वजा नाही असं रंगारी म्हणतात, आणि पहिलं भांडण इथेच पेटतं. जुन्या इमारतीच्या भिंती जाड असतात, खिडकीच्या आतल्या बाजूच फूटभर खोल भरतात. त्या घासायच्या, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, रंगवायच्या, वर चौकटीला टेप लावून कडा सांभाळायच्या. भारतीय मानक आयएस १२०० मध्येही अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही असंच म्हटलं आहे, आणि त्याहून मोठ्या नेहमीच्या दारा-खिडक्यांनाही सरसकट पूर्ण वजावट नाही. माझी रीत सरळ आहे: दारं-खिडक्या निम्म्या वजा, आतल्या बाजूंचं माप वेगळं लावायचं नाही. म्हणजे ९९ फूट गेले.

२,०१८ मधून ११७ आणि ९९ काढले की उरतात १,८०२ चौरस फूट. तुमच्या रंगाऱ्याने धरले १,४००. चारशे फूट भिंत त्याने मोजलीच नाही. कार्पेटच्या साडेतीन पट नाही, साडेचार पट होते आहे.

उंचीच्या २० टक्क्यांचा उलगडा इथे होतो. त्याने १,४०० वर २० टक्के चढवले म्हणजे १,६८० फुटांचे पैसे मागितले, आणि तरीही तो खऱ्या मापाच्या मागेच आहे. त्याच्या पटीत नऊ-साडेनऊ फूट उंचीच धरलेली आहे, त्यामुळे २० टक्के ही न मोजलेल्या भिंतीची भरपाई आहे, तीही अपुरी. तुमचा तर्क मात्र अर्धा बरोबर आहे. उद्या तुम्ही त्याला म्हणालात, ‘टेप लावून नीट मोजा,’ आणि त्याने १,८०२ मोजून त्या सगळ्यावर परत २० टक्के लावले, तर तुम्ही एकाच उंचीचे दोनदा पैसे द्याल. ते २० टक्के म्हणजे साडेआठ हजारांहून जास्त. म्हणून आधी एक ठरवून घ्या: पट आणि टक्के, की माप आणि उंचीचा वेगळा दर. दोन्हींची भेळ नको.

मग मापात उंची आल्यावरही वेगळा दर का? कारण मापात फक्त जास्तीची भिंत येते, तिथपर्यंत पोचायचं कष्ट येत नाही. दहा फुटांपर्यंत कारागीर अडीच-तीन फुटांच्या घोड्यावर उभा राहून रोलर फिरवतो, घोडा पायाने सरकवतो आणि पुढे जातो. साडेबारा फुटांच्या छताला सहा फुटांवर फळी लागते, म्हणजे परांची. ती सरकवायला दोघं लागतात, खाली एक बिगारी थांबवावा लागतो, आणि तुम्ही राहत्या घरात काम करून घेणार असाल तर मधे पलंग नाही तर कपाट असतंच. त्याला वळसा घालून परांची परत बांधायची. रंग तेवढाच लागतो, वेळ वाढतो. म्हणून हा दर फक्त मजुरीचा असायला हवा आणि फक्त दहा फुटांच्या वरच्या भागाला. खालच्या दहा फुटांवर जादा लावायला काही कारण नाही, आणि टक्क्यांत लावला की नेमकं तेच होतं. शिवाय टक्के मटेरियलवरही चढतात. तुम्ही महागडा इमल्शन निवडलात तर परांची महाग होत नाही, पण टक्के होतात.

तुमच्या घरात दहा फुटांच्या वर भिंतीची अडीच फुटांची पट्टी आहे. १३२ फूट लांबी गुणिले अडीच, ३३० फूट. छताचे ३६८ मिळवले की ६९८. मी या भागाला फुटाला ५ रुपये जादा घेतो, म्हणजे ३,४९०. दोन कारागीर आणि एक बिगारी यांचा साधारण एक जादा दिवस, वर परांचीचं भाडं, असं ते बसतं. पंधरा-सोळा फूट उंचीचा जिना असेल तर हा दर चालणार नाही. तिथे पायऱ्यांवर परांची बसवणं हेच मुख्य काम असतं आणि त्याची वेगळी रक्कम ठरवावी.

आता १८,००० कडे येतो. यात रंगारी लबाड आहे असं मी म्हणत नाही. तो घाबरलेला आहे. जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे ते खरवडल्याशिवाय कुणालाच कळत नाही, मग तो सगळ्यात वाईट ते धरून आकडा टाकतो. माझंही पहिल्या काही वर्षांत उलट्या बाजूने हसं झालं आहे. गिरगावात एका घराची डागडुजी मी उक्ती ४,००० ला घेतली. वरून भिंत छान दिसत होती. पत्रा लावला तर जुन्या ऑइल पेंटखाली चुन्याचे थरावर थर, आणि एका भिंतीचं प्लास्टर कमरेइतक्या उंचीपर्यंत हाताला आलं. पदरचे पैसे घातले. घरमालकाला जादा मागितले तर ते म्हणाले, ‘उक्तं म्हणजे उक्तं.’ बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून डागडुजी उक्ती घ्यायची नाही आणि द्यायलाही सांगायची नाही, असं ठरवलं.

यावर उपाय म्हणजे डागडुजीचा आकडा आज ठरवायचा नाही, फक्त दर ठरवायचे. माप खरवडून झाल्यावर घ्यायचं. मी तीन प्रकार करतो आणि तिन्हींचे दर कागदावर लिहितो.

पहिला प्रकार पोपडे आणि भुकटी. भिंतीवर तळहात घासा. पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे आणि त्यावर नवी लांबी धरणार नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतील. ते घट्ट थरापर्यंत खरवडायचं, प्रायमर मारायचा, दोन हात लांबी भरायची. याचा माझा दर फुटाला १२ रुपये.

दुसरा प्रकार पोकळ प्लास्टर. बोटाच्या पेरांनी किंवा नाण्याने भिंत ठोकत जा. आवाज बदलतो, भरीव ठक्‌ऐवजी डबा वाजल्यासारखा येतो, ते लगेच कळतं. त्यावर लांबी भरणं म्हणजे हलत्या दाताला चांदी बसवणं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दीड मिलिमीटरच्या थरासाठी बनवलेली असते. अर्धा इंच खड्डा तिने भरला तर ती सुकताना तडकते किंवा सगळी खपली एकदम सुटते. तिथे पोकळ भाग तोडून नवीन प्लास्टरच हवं. फुटाला ९० रुपये. हा दर मोठा वाटेल, पण दोन-दोन फुटांच्या ठिगळांसाठी रेती-सिमेंट दुसऱ्या मजल्यावर चढवायचं आणि राबिट म्हणजे तोडलेला मलबा खाली उतरवून हलवायचा, हे सगळं त्यात आलं.

तिसरा प्रकार भेगा. यांना चौरस फूट लावू नये, लांबीच्या फुटावर घ्याव्यात. भेग व्ही आकारात उकरायची, धूळ झाडायची, क्रॅक फिलर भरायचा. फुटाला १५ रुपये. केसासारख्या बारीक भेगा आणि खिळ्यांची भोकं मात्र २४ च्या मूळ दरातच आली पाहिजेत, आणि हे लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक खिळ्याचं बिल येईल.

खरवडणं दोन दिवसांत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरमालकाला बोलावतो आणि दोघं मिळून खडूने भिंतीवर चौकोन काढतो. डाग वेडावाकडा असला तरी माप त्याच्याभोवतीच्या चौकोनाचं, आणि सगळ्यात लहान चौकोन एक फुटाचा. चौकोनात प्रकाराचा आकडा लिहायचा: १, २ किंवा ३. शेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढायचा. हा फोटो महत्त्वाचा, कारण एकदा लांबी भरली की खाली एक फूट होतं की दहा, हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. बहुतेक भांडणं इथली असतात आणि बहुतेक वेळा दोघंही आपापल्या आठवणीप्रमाणे खरंच बोलत असतात.

मागच्या वर्षी मी तुमच्याएवढंच, तुमच्याइतकंच जुनं घर केलं. तिथे खडूचं माप असं निघालं: खरवडून लांबी १६० फूट, म्हणजे १,९२०. पोकळ प्लास्टर ३८ फूट, म्हणजे ३,४२०. त्यातलं बहुतेक पावसाच्या बाजूच्या खिडकीखालचं. भेगा ६० फूट, म्हणजे ९००. एकूण ६,२४०. तुमच्या भिंती मी पाहिलेल्या नाहीत, तुमच्याकडे दुप्पटही निघेल. पण १८,००० हा आकडा तपासायची सोपी युक्ती आहे. ९० च्या दराने १८,००० म्हणजे २०० फूट नवं प्लास्टर. तुमच्या हॉलची १४ फुटी भिंत जमिनीपासून छतापर्यंत १७५ फूट भरते. म्हणजे ती अख्खी भिंत तोडून नवी केली तरी पैसे उरतील. एक संध्याकाळ काढून नाणं घेऊन भिंती ठोकून बघा. तेवढं पोकळ नसेल तर रक्कम फुगवलेली आहे.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवतो. रंगाऱ्याचं नुसतं रंगकाम उंचीसकट ४०,३२०. माझ्या पद्धतीने, त्याच्याच २४ च्या दराने, १,८०२ फुटांचे ४३,२४८ आणि उंचीचे ३,४९०, म्हणजे ४६,७३८. रंगकामात तो माझ्यापेक्षा सहा हजारांवर स्वस्त आहे. डागडुजीत मात्र १८,००० समोर ६,२४० धरले तर पावणेबारा हजार महाग. एकूण ५८,३२० विरुद्ध ५२,९७८. त्याने भिंती कमी मोजल्या आणि ते डागडुजीत भरून काढलं, बहुधा स्वतःच्याही नकळत.

म्हणून त्याच्याशी बोलताना फक्त डागडुजी मापावर आणा आणि बाकीचं तसंच ठेवा, असं करू नका. ते ऐकून तो ४६,५६० ला कदाचित हो म्हणेल, पण मग कुठेतरी कापेल. दुसरा हात पातळ करेल, प्रायमर गाळेल, आणि त्याचा पत्ता तुम्हाला सहा महिन्यांनी लागेल. भिंतीही टेप लावून मोजा आणि त्याचे निघतात तेवढे पैसे त्याला द्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दरात बसत नाही. छतावर गंजाचे तांबूस डाग असतील, प्लास्टर फुगून सळई दिसत असेल किंवा लाकडी तुळईचं टोक भिंतीत कुजलं असेल, तर ते रंगाऱ्याचं काम नाही. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा, नसेल तर मालकाला किंवा सोसायटीला लेखी कळवा. आणि पावसाच्या बाजूची ओल बाहेरून, गच्चीतून किंवा पाइपातून येत असेल तर आधी ती थांबवा. आतून केलेल्या ३८ फुटांच्या प्लास्टरला पुढच्या जुलैत परत खार फुटेल आणि त्याची हमी कुठलाही शहाणा रंगारी देणार नाही.

कागदावर सात ओळी पुरेत: खोलीवार माप आणि वजावट, २४ च्या दरात काय काय येतं (किती हात, कुठली लांबी, कुठला प्रायमर, रंगाचं नाव), दहा फुटांवरचा जादा दर, डागडुजीचे तीन दर, खडूच्या मापानंतर दोघांची सही, डागडुजीची वरची मर्यादा, आणि त्यापलीकडे गेलं तर काम थांबवून विचारायचं हे कलम. मर्यादा तुमच्या घराला मी १२,००० धरेन. दारं, खिडक्यांची ग्रिल, माळ्याची फळी यांचं ऑइल पेंट या मापात धरू नका, ते नगावर वेगळं घ्या.

वेळेचंही बोलून घ्या. नव्या प्लास्टरच्या ठिगळांना आठवडाभर पाणी मारायचं आणि मग सुकू द्यायचं. रंग कंपन्या नव्या प्लास्टरला २८ दिवस सांगतात. लहान ठिगळांना मी निदान पंधरा दिवस थांबतो आणि ओल मोजायचं यंत्र लावून बघतो. म्हणजे गणपतीला घर तयार हवं असेल तर प्लास्टरचं काम मेमध्येच उरकावं लागेल, पावसाळ्यात ते सुकणार नाही. तुमच्या रंगाऱ्याने आठ दिवसांत सगळं करून देतो म्हटलं असेल, तर पोकळ भागाचं तो काय करणार आहे हे आधी विचारा.